आधी नाव, मग तुकडी

शाळेची यादी तुकडीनुसार आणि प्रत्येक तुकडीत नावानुसार हवी असेल, तर आधी नावावर क्रम लावायचा, मग तुकडीवर. अमृता आणि वैभव दोघं ‘अ’ तुकडीत असतील, तर दुसऱ्या वेळी दोघं सारखेच ठरतात. तेव्हा त्यांचा आधीचा क्रम जपते ती स्थिर पद्धत. मर्ज सॉर्ट तो जपते. साधी क्विकसॉर्ट दूरच्या नोंदींची अदलाबदल करताना मोडू शकते. क्रोम ब्राउझरमध्ये २०१८ पर्यंत १० नोंदींची यादी नीट राही, मोठी बिघडू शके. त्यामुळे छोट्या चाचणीत दोष दिसतच नसे. जावास्क्रिप्टने २०१९ मध्ये स्थिरता बंधनकारक केली. डेटाबेसकडून मात्र ती गृहीत धरू नका. ORDER BY नंतर दोन्ही रकाने लिहा, आधी तुकडी, मग नाव.