तासाला सरासरी चार फोन

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी 1909 साली दाखवून दिलं, की एकमेकांशी संबंध नसलेले फोन प्वासाँच्या सूत्राप्रमाणे येतात.

समजा, तासाला सरासरी चार फोन येतात. एकही न येण्याची शक्यता e⁻⁴, म्हणजे 1.83 टक्के. तिला चाराने गुणलं की एका फोनची शक्यता मिळते, 7.3 टक्के. तिला 4/2 ने गुणलं की दोनची, मग 4/3 ने तीनची, 4/4 ने चारची. म्हणून तीन आणि चार फोनांची शक्यता सारखीच, 19.5 टक्के! अगदी चारच फोन येणारा तास पाचांत जेमतेम एक. आठ किंवा जास्त फोन मात्र साधारण वीस तासांत एकदा येतातच.

वीज गेली आणि सगळ्यांनी एकदमच फोन फिरवले, तर हे गणित फसतं. नोंदींतलं प्रसरण सरासरीपेक्षा बरंच मोठं निघालं, तर हे सूत्र तिथे वापरू नये.