चुकून सगळ्यांना गेलेल्या मेलनंतरचा मेल

समजा, पुण्यातली चाळीस सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, खर्च अंदाजापेक्षा वाढला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी ईमेलवर त्याचा हिशेब मागितला. इमारतीत त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मेल सर्व सभासदांना पाठवला होता, म्हणून खजिनदारांनीही आकडे सगळ्यांनाच पाठवले. सचिवांनी तो मेल प्रवासात फोनवर उघडला. वर ठळक दिसत होतं ते फक्त खजिनदारांचं नाव; बाकीचे पत्ते एका ओळीत मिटलेले होते. आपल्याला एकट्यालाच आलाय असं धरून त्यांनी उत्तर दिलं: ‘आकडे पाहिले, बरोबर आहेत. काकांना दुसरा उद्योग नाही, सारखं तेच तेच. पुढच्या सभेत त्यांना बोलूच द्यायचं नाही.’ फोनवर ‘रिप्लाय ऑल’ दाबलं गेलं होतं. चाळीस घरांत मेल पोचला, आणि काकांच्या घरीही.

ही गोष्ट कल्पित असली, तरी बहुतेक प्रकार असेच घडतात. कधी शेरा नव्या मजकुरात नसून खाली लोंबणाऱ्या जुन्या पत्रव्यवहारात असतो: दोघांनी आपापसांत काही लिहिलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच मेलवर सभ्य उत्तर लिहून ते सगळ्यांना धाडलं जातं. वरचा परिच्छेद निर्दोष, खालचा घात करणारा. म्हणून चूक कळल्यावर पहिलं काम माफी लिहिण्याचं नाही. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन तो मेल उघडायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि पत्त्यांची पूर्ण यादी उलगडून पाहायची. नक्की काय गेलं आणि कुणाकुणाला गेलं हे कळल्याशिवाय मागितलेली माफी अर्धवट राहते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावी लागते, आणि दुसऱ्यांदा मागितलेल्या माफीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

मेल परत घेण्याची आशा या घडीला फारशी धरू नये. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवण्याची मुदत सेटिंगनुसार ५ ते ३० सेकंद असते. ती गेली की मेल समोरच्याचा झाला. कंपन्यांत वापरलं जाणारं आउटलुक मेल मागे घेऊ देतं, पण ते त्याच संस्थेच्या यंत्रणेतल्या खात्यांपुरतं. मेल बाहेरच्या पत्त्यावर गेला असेल, तर तो तिथेच राहतो आणि वर ‘अमुक व्यक्ती हा मेल मागे घेऊ इच्छिते’ अशी सूचना तेवढी पोचू शकते. ज्याने मूळ मेल अजून वाचला नव्हता, तोही मग तो शोधून वाचतो.

आता माफीकडे येऊ. सचिवांच्या हातून दोन गोष्टी घडल्या आहेत. बटण चुकलं, ही एक. आणि एका सभासदाविषयी तुच्छतेनं लिहिलं, शिवाय त्यांना सभेत बोलू न देण्याचा बेत सांगितला, ही दुसरी. पहिली हातचूक आहे. काकांना लागलं ते दुसऱ्या गोष्टीनं. तरीही घाईत लिहिलेले माफीचे बहुतेक मेल पहिल्या गोष्टीबद्दलच असतात. सचिवांचा पहिला मसुदा साधारण असा उतरेल:

‘माझा सकाळचा मेल चुकून सर्वांना गेला. तो फक्त खजिनदारांसाठी होता. कृपया तो वाचू नये व डिलीट करावा. गमतीने लिहिलेल्या शब्दांमुळे कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.’

यातली एकेक ओळ जखमेवर मीठ चोळते. ‘फक्त खजिनदारांसाठी होता’ याचा अर्थ काकांनी असा घ्यायचा की त्यांच्या पाठीमागे असं बोलणं चालतं आणि ते त्यांना कळलं एवढंच वाईट झालं. ‘वाचू नये’ म्हटल्यावर न वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे. ‘गमतीने’ या शब्दानं दोष ऐकणाऱ्याच्या माथी जातो, जणू त्यालाच गंमत कळली नाही. आणि ‘दुखावलं असेल तर’ ही आपल्याकडच्या जाहीर माफ्यांमधली सगळ्यात लाडकी पळवाट आहे. काकांचं मन दुखावलं आहे की नाही याबद्दल चाळीस घरांत कुणाला शंका नाही. ती फक्त लिहिणाऱ्याच्या वाक्यात शिल्लक आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीच्या घटकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेद, काय बिघडलं याचं स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा तसं न करण्याची ग्वाही, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमेची याचना असे सहा घटक त्यांनी वेगळे काढले आणि लोकांकडून त्यांचं वजन तपासलं. सर्वांत जड ठरली जबाबदारीची कबुली, तिच्यानंतर भरपाईची तयारी. सर्वांत हलकी ठरली क्षमेची याचना. ते प्रसंग कागदावरचे होते, प्रत्यक्ष भांडणं नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण मेलसुद्धा वाचायचाच असतो, त्यामुळे हा क्रम इथे उपयोगी पडतो. शेरा माझा होता हे आधी, त्यावर मी काय करणार हे त्यानंतर, आणि ‘मला माफ करा’ची आर्जवं जवळजवळ नाहीतच.

मेल लिहिण्याआधी मात्र एक पायरी आहे, आणि ती गाळली तर उत्तम मसुदाही वाया जातो. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांना आधी एकट्यानं भेटायचं. इथे काका दोन मजले वर राहतात. तेव्हा जिना चढायचा. माणूस दुसऱ्या गावी असेल तर फोन करायचा. बोलणं दोन मिनिटांचं पुरतं: ‘काका, सकाळच्या मेलमध्ये मी तुमच्याविषयी फार वाईट लिहिलं. तसं लिहायला नको होतं. तुमचा प्रश्न रास्त होता. सगळ्यांनी वाचलंय, म्हणून सगळ्यांनाही तसं लिहितो. तुमचं नाव घालत नाही. चालेल ना?’ काका चिडतील, कदाचित दारातूनच परत पाठवतील. ते बोलतील तेवढं ऐकून घ्यायचं आणि स्वतःची बाजू मांडायची नाही. त्यांनी तो मेल अजून पाहिला नसेल, तरी सांगायचंच. शेजारच्यांकडून कळण्यापेक्षा लिहिणाऱ्याकडून कळलेलं बरं.

त्यानंतर सगळ्यांना मेल, शक्यतो त्याच दिवशी. तो जुन्या मेलवर उत्तर म्हणून अजिबात पाठवू नये, कारण खाली तोच शेरा पुन्हा चाळीस घरांत जाईल. कोरा मेल उघडायचा, नवा विषय लिहायचा, पत्त्यांची यादी तीच ठेवायची. मसुदा असा होईल:

‘विषय: आज सकाळच्या माझ्या मेलबद्दल

सर्व सभासदांस नमस्कार,

आज सकाळच्या मेलमध्ये मी आपल्या एका सभासदांविषयी अनादरानं लिहिलं आणि त्यांना सभेत बोलू देऊ नये असंही म्हटलं. हे दोन्ही चूक होतं आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे. मी त्यांना भेटून माफी मागितली आहे. आपणा सर्वांचीही मागतो.

त्यांचा प्रश्न योग्य आहे. गच्चीच्या कामाची सर्व बिलं येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत संस्थेच्या कार्यालयात कुणालाही पाहता येतील. हा विषय सर्वसाधारण सभेपुढे घ्यावा, असं मी समितीला सुचवत आहे.

आपला,
सचिव’

एवढंच. शेऱ्याचे शब्द पुन्हा उद्धृत केलेले नाहीत, कारण ते पुन्हा छापल्यानं फक्त पुन्हा लागतात. पण काय लिहिलं होतं हे लपवलेलंही नाही. बटणाचा उल्लेखच नाही, तो कुणाला सांगण्याची गरज नाही. प्रवासाची, थकव्याची, कामाच्या ताणाची कारणं नाहीत. ‘मला रात्रभर झोप लागणार नाही’ असा विलापही नाही. जो माफी मागताना फार कोसळतो, त्याचीच समजूत काढण्याची वेळ दुखावलेल्यावर येते. खजिनदारांचं नाव सचिवांनी ओढलेलं नाही; त्यांना काही म्हणायचं असेल तर ते स्वतः म्हणतील.

दुसरा परिच्छेद मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सचिवांच्या शेऱ्यात अपमान होता तशी एक धमकीही होती, आणि ती पदावरच्या माणसानं दिलेली होती. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विचारणं हा सभासदाचा हक्क आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं सभासदाला संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. त्या हक्कावर बोट ठेवलं गेलं असेल, तर नुसत्या गोड शब्दांनी ते निघत नाही. बिलं टेबलावर यावी लागतात. त्याच वेळी सचिवांनी ‘विषय घेतला जाईल’ असं लिहिलेलं नाही, ‘सुचवत आहे’ असं लिहिलं आहे. विषयपत्रिका समितीनं ठरवायची असते. माफीत दिलेलं आणि नंतर न पाळता आलेलं आश्वासन मूळ शेऱ्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं.

प्रत्येक शेरा असा आठ-दहा ओळींत आटोपत नाही. त्यात कुणाची जात, धर्म किंवा बाईमाणसाविषयी अश्लील बोलणं आलं असेल, तर तो शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार स्त्रीला अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, आणि माफीचा मेल आला म्हणून तो मार्ग बंद होत नाही. अशा वेळी मेल लिहायचाच, पण चौकशी टळावी म्हणून नव्हे.

मेल गेल्यावर उत्तरं येतील. ‘मोठ्या मनानं माफी मागितलीत’ असं कुणी लिहील, कुणी जुनी उणीदुणी काढेल. दोन्हींना सगळ्यांच्या देखत उत्तर देऊ नये; एकेक उत्तर हा तो विषय पुन्हा वर आणणारा नवा मेल असतो. काकांकडून काहीच आलं नाही, तर त्यांना विचारायला जाऊ नये. माफ करायचं की नाही, आणि कधी, हे त्यांनी ठरवायचं. सचिवांनी रविवारी दहाच्या आधी कार्यालय उघडायचं आणि बिलांची फाईल टेबलावर ठेवायची.