फलाट बदलला, पण कानात जुनाच राहिला

जर्मन भाषेच्या ए-वन परीक्षेत ऐकण्याचा एक भाग असा आहे की चांगली तयारी केलेले विद्यार्थीही तिथे अडखळतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, या परीक्षेत ऐकण्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागातले छोटे संवाद आणि तिसऱ्या भागातले दूरध्वनी संदेश दोनदा ऐकवतात. मधल्या भागात मात्र चार जाहीर सूचना येतात. स्थानक, विमानतळ, दुकान अशा ठिकाणच्या या सूचना फक्त एकदाच वाजतात. समोर एक छापील विधान असते आणि ते बरोबर की चूक एवढेच ठरवायचे असते. लग्नानंतर जोडीदाराकडे जर्मनीला जाण्यासाठी अनेकांना हीच परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत या चार सूचनांची धास्ती असते.

आपल्या कानाची सवय वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या स्थानकावर तीच घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत होते, शिवाय थोड्या वेळाने पुन्हा होते. पहिल्या वेळी फक्त कान टवकारायचे आणि फलाट क्रमांक पुढच्या वेळी पकडायचा, हे आपण नकळत शिकलेलो असतो. एकदाच वाजणाऱ्या सूचनेत हीच सवय नडते. विद्यार्थी पहिल्या वाक्याला तयार होतो, तोवर कामाचे वाक्य निघून गेलेले असते.

आता एक सूचनाच उलगडून पाहू. सरावासाठी मी ती परीक्षेच्या धाटणीवर बेतली आहे आणि इथे मराठीत, पण जर्मन क्रमाने देतो: ‘कृपया लक्ष द्या. उल्मला जाणारी रिजनल एक्स्प्रेस, सुटण्याची वेळ १४ वाजून ३२ मिनिटे, आज फलाट ३ वरून नाही, तर फलाट ८ वरून सुटेल. गाडीला सुमारे १० मिनिटे उशीर आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ छापील विधान आहे: ‘प्रवाशांनी फलाट ३ वर थांबावे.’

वर्गात हे विधान बरोबर ठरवणारे बरेच निघतात, कारण त्यांनी ‘३’ खरोखरच ऐकलेला असतो. सूचनेची रचनाच तशी आहे. आधी वेळापत्रकातली जुनी माहिती येते आणि नंतर आजचा बदल. जुना आकडा कानावर आधी पडतो, तो विधानातल्या आकड्याशी जुळतो आणि मन तिथेच समाधान मानते. म्हणून आकड्याच्या आसपासचे तीन छोटे शब्द आकड्याइतकेच नीट ऐकावे लागतात: ‘हॉयट’ म्हणजे आज, ‘निष्ट’ म्हणजे नाही आणि ‘झोन्डर्न’ म्हणजे तर. स्थानकाच्या सूचनेत ‘हॉयट’ आला की काहीतरी बदलले आहे असे धरून पेन्सिल सावध करावी. ‘झोन्डर्न’ आला की खरा आकडा त्याच्या पुढे आहे.

लिहायचे किती? फारच थोडे. ऐकलेला आवाज मनात न घोळवता जेमतेम दोन सेकंद टिकतो, असे कार्यकारी स्मृतीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांच्या मांडणीत आहे. आकडा घोळवत बसलो तर पुढचे वाक्य ऐकू येत नाही, आणि पुढचे ऐकू लागलो तर आकडा निसटतो. कागद या कोंडीतून सोडवतो, पण शब्द लिहिणाऱ्याला नाही. वरच्या सूचनेची माझी टिपण एवढीच होईल: ‘उ १४:३२’, त्याखाली खोडलेला ३ आणि त्याच्या बाजूला ८, त्याखाली ‘+१०’. जुना आकडा खोडून नवा शेजारी लिहिणे महत्त्वाचे, कारण विधान कोणत्याही आकड्याबद्दल असू शकते. गाडी प्रत्यक्षात १४:४२च्या सुमाराला सुटेल हे गणित ऐकताना करू नये, सूचना संपल्यावर करावे.

आकडे लिहिण्यात आणखी एक अडचण आहे. जर्मनमध्ये बत्तीस म्हणताना आधी दोन येतो आणि मग तीस: ‘त्स्वायउंडड्रायसिश’. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा दोन ऐकताच २ लिहून टाकतो, मग ३ लिहितो आणि कागदावर २३ होतो. मराठी माणसाला खरे तर हा क्रम परका नाही. बत्तीसमध्येही आधी दोनाचा ‘ब’ आणि मग ‘तीस’ येतो. इंग्रजीतून वळसा न घेता आकडा सरळ मराठीत ऐकला तर ही चूक पुष्कळ कमी होते, हे मी इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांकडून पाढे म्हणवून घेताना पाहिले आहे. मात्र पूर्ण आकडा ऐकू येईपर्यंत पेन्सिल थांबवायची, हा नियम सर्वांनाच लागू.

तेरा आणि तीस यांचाही घोळ होतो. ‘ड्रायत्सेन’ आणि ‘ड्रायसिश’ यांत फरक शेवटच्या अवयवात आहे, आणि ध्वनिक्षेपकाच्या घुमण्यात नेमका शेवटच खाल्ला जातो. दोन आणि तीन, म्हणजे ‘त्स्वाय’ आणि ‘ड्राय’, हेही यमकाने जुळतात. म्हणूनच जर्मन लोक दूरध्वनीवर किंवा घोषणेत दोनला कधीकधी ‘त्स्वो’ म्हणतात. हे रूप आधीच ओळखीचे असले तर बरे.

आकड्यांइतकाच घात एक क्रियापद करते. ‘फेर्ट’ म्हणजे गाडी जाते. ‘फेल्ट’ने सुरू होऊन वाक्य ‘आउस’वर संपले, तर गाडी रद्द आहे. घाईत ही दोन रूपे सारखी ऐकू येतात आणि अर्थ ठरवणारा ‘आउस’ थेट वाक्याच्या शेवटी असतो. गावाचे नाव ओळखले म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा तो गमावतो. वाक्य संपेपर्यंत निकाल द्यायचा नाही.

सोडून काय द्यायचे, हेही आधीच ठरवावे. गाडीचा क्रमांक, स्वागताचे शब्द, दिलगिरी आणि विशेषतः उशिराचे कारण. ‘सिग्नलमधील बिघाड’ किंवा ‘रुळांवरील दुरुस्ती’ यांसाठीचे जर्मन शब्द लांबलचक असतात. असा शब्द कळला नाही की विद्यार्थी त्यावर अडतो, आणि त्यानंतर येणारे ‘कृपया इथे उतरा’ हे वाक्य हुकते. कारण न कळता प्रवास होऊ शकतो, उतरायचे आहे हे न कळता होत नाही.

सरावासाठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर नमुना परीक्षा ध्वनिफितींसह मोफत मिळतात. सूचना एकदाच लावावी, उत्तर नोंदवावे आणि मगच छापील मजकूर पाहावा. विधान आधी वाचून त्यातला पडताळायचा शब्द अधोरेखित करावा: फलाट, वेळ की कृती. चूक झाली तर तिचा प्रकार टिपणीवरून ओळखता येतो. ३२च्या जागी २३ असेल तर क्रम चुकला. ३०च्या जागी १३ असेल तर शेवट ऐकला नाही. खोडलेला आकडाच नसेल तर सूचना अर्ध्यावर सोडली. टिपण बरोबर आणि उत्तर चूक असेल, तर विधानच नीट वाचलेले नाही, आणि मग अजून शंभर ध्वनिफिती ऐकून उपयोग नाही. या प्रत्येक चुकीवरचा सराव वेगळा आहे. आकड्यांसाठी फक्त वेळा आणि फलाट कुणाकडून तरी वाचून घ्यावेत. सूचना सोडून देणाऱ्याने शेवटच्या शब्दापर्यंत पेन्सिल खाली ठेवायची नाही.

परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे सूचना निसटली तरी चौकट रिकामी ठेवू नये. एका खुणेत उत्तर देऊन लगेच पुढचे विधान वाचायला घ्यावे, कारण निसटलेल्या सूचनेचा विचार करत राहिल्याने पुढचीही जाते. प्रत्यक्ष जर्मन स्थानकावर सूचनेनंतर फलाटावरचा फलक पाहता येतो, मोठ्या स्थानकांवर बऱ्याचदा इंग्रजी घोषणाही होते. तिथे कानाने एवढेच पकडले तरी पुरते: उल्मची गाडी, आज, काहीतरी बदल. बाकीचे फलकावर वाचता येते.