आई-बाबांनी सही केली, पण मूल ‘नको’ म्हणालं तर? मुलांवरच्या संशोधनात परवानगी नेमकी कुणाची लागते?

समजा, पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणमध्ये शहरातल्या एका संस्थेचं पथक आलंय. डोंगरातल्या गावांमधल्या मुलांमध्ये रक्ताचं प्रमाण किती कमी आहे, याचा अभ्यास त्यांना करायचाय. शाळेत मुलांची उंची-वजन मोजायचं, रोजच्या जेवणाबद्दल विचारायचं आणि दंडातून थोडं रक्त घ्यायचं, एवढंच काम.

पाचवीतली एक मुलगी रांगेत उभी आहे. वय वर्षं 10. आई-बाबा कामासाठी मुंबईत, ती आजीकडे राहते. आजी म्हणते, “घ्या की, डॉक्टर लोक आहेत.” गुरुजींचीही हरकत नाही. आणि सुई दिसताच मुलगी हात मागे घेते.

आता रक्त घ्यायचं की नाही?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असा पेच खऱ्या संशोधनात नेहमी येतो. त्याचं उत्तर पथकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 2017 साली मुलांवरच्या संशोधनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात या मुलीच्या बाजूने बरंच काही लिहिलेलं आहे.

संमती वेगळी, असेंट वेगळं

भारतात 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत व्यक्ती कायद्याने अज्ञान असते. त्यामुळे संशोधनात भाग घेण्याची कायदेशीर परवानगी मूल स्वतः देऊ शकत नाही. ती आई-वडील किंवा कायदेशीर पालक देतात. ही झाली संमती.

पण सुई टोचणार मुलाला, आईला नाही. म्हणून मुलाचाही होकार विचारायचा असतो. त्याला संशोधनाच्या भाषेत ‘असेंट’ म्हणतात. आई-बाबांची सही असली तरी असेंट घ्यावंच लागतं. आणि मूल तयार असलं तरी आई-बाबांच्या संमतीशिवाय काम पुढे जात नाही. दोन्ही हवेत.

असेंट कसं घ्यायचं, हे वयावर ठरतं. 7 वर्षांखालच्या मुलाकडून औपचारिक होकार घेत नाहीत, पण ते रडत असेल, हात झटकत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं. 7 ते 12 वयात तोंडी होकार पुरतो, मात्र तो पालकांसमोर घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. 12 ते 18 वयात मुलासाठी वेगळा कागद असतो आणि त्यावर ते स्वतः सही करतं.

मूल गप्प बसलं, म्हणजे ‘हो’ म्हणालं, असं धरता येत नाही. शाळेत रांगेत उभं केलेलं मूल बहुतेक वेळा गप्पच असतं.

पुण्याजवळच्या सहा गावांतली मुलं

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं, हे पाहायला महाराष्ट्रातच एक मोठं उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ असं त्याचं नाव. गरोदरपणात आई काय खाते, याचा बाळाच्या तब्येतीवर पुढे काय परिणाम होतो, हा प्रश्न होता. सातशेहून जास्त बाळं या अभ्यासात जन्माला आली. भारतीय बाळ वजनाने हलकं असलं तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, ही आज जगभर माहीत असलेली गोष्ट याच अभ्यासामुळे ठळकपणे पुढे आली.

अभ्यास जन्मापाशी थांबला नाही. हीच मुलं 6, 12 आणि 18 वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासलं गेलं. इथे मुद्दा लक्षात घ्या. अभ्यास सुरू झाला तेव्हा या मुलांचा जन्मही झाला नव्हता. ‘हो’ म्हणाली होती ती त्यांची आई.

सहाव्या वर्षीच्या तपासणीत उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांत पुन्हा रक्त, शिवाय शरीरातली चरबी मोजणारं स्कॅन, असं बरंच काही होतं. एवढ्या लहान वयात निर्णयाचा भार पालकांवरच असतो. मुलं मोठी होत गेली तसा त्यांचा वाटा वाढला. या अभ्यासात पालकांनी लेखी संमती दिली, 18 वर्षांखालच्या मुलांनी लेखी असेंट दिलं आणि 18 पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतःची संमती दिली.

18 व्या वर्षीची ही सही नुसती औपचारिकता नाही. मूल सज्ञान झालं की आई-बाबांनी दिलेली संमती पुढच्या कामासाठी पुरत नाही. त्याला नव्याने विचारावं लागतं. ते ‘आता बास’ म्हणू शकतं आणि त्याचं कारण सांगण्याची गरज नसते. दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात संशोधकांना हाच धोका पत्करावा लागतो. वीस वर्षं मेहनत घेतलेला गट एका ‘नको’ने कमी होऊ शकतो. म्हणून असे गट गावातल्या घरांशी वर्षानुवर्षं संबंध टिकवतात, तपासणीचे निकाल घरच्यांना समजावून सांगतात.

हे नीट झालं नाही तर काय होतं?

2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस दिली गेली. पाथ ही आंतरराष्ट्रीय संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यांचा तो प्रकल्प होता. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला आणि 2010 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत सिद्ध झालं नाही. पण कागदपत्रं तपासल्यावर वेगळीच गोष्ट समोर आली.

संसदीय स्थायी समितीने 2013 च्या अहवालात आंध्रमधल्या 9,543 संमतिपत्रांचा हिशोब मांडला. त्यातली 2,763 संमतिपत्रं मुलींच्या वसतिगृहांच्या वॉर्डननी सही केलेली होती. 1,948 वर नुसते अंगठे होते. यातल्या अनेक मुली आदिवासी कुटुंबांतल्या, आश्रमशाळांमध्ये राहणाऱ्या होत्या. पालक गावात, मुलगी वसतिगृहात, आणि सही तिसऱ्याचीच.

लस चांगली की वाईट, हा इथला प्रश्न नाही. वॉर्डन किंवा मुख्याध्यापक शाळेत येण्याची परवानगी देऊ शकतात, मुलांच्या शरीराबद्दलची परवानगी देऊ शकत नाहीत. गावच्या सरपंचांनी होकार दिला तरीही तेच. प्रत्येक मुलामागे त्याच्या पालकांची वेगळी संमती लागते.

अंगठा चालत नाही, असंही नाही. वाचता न येणाऱ्या पालकांचा अंगठा वैध आहे. अट एवढीच की संपूर्ण माहिती वाचून दाखवताना पथकाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा आणि त्याचीही सही हवी. साक्षीदाराशिवाय गठ्ठ्याने घेतलेले अंगठे, एकाच शाईतल्या, एकाच वळणाच्या सह्या, सगळ्या फॉर्मवर एकच तारीख, ही काहीतरी चुकल्याची लक्षणं. तपासणी करणारे आधी तीच पाहतात.

मग कुडपणच्या मुलीचं काय?

पहिला प्रश्न आजीचा. आजी तिला सांभाळते, म्हणून ती आपोआप कायदेशीर पालक होत नाही. आई-बाबा हयात आहेत, संपर्कात आहेत, तेव्हा विचारायचं त्यांनाच. हे कसं करायचं, ते पथकाने गावात येण्याआधीच लिहून नैतिक समितीकडून मंजूर करून घ्यायचं असतं. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी आणि सामान्य नागरिक म्हणून बसणारी माणसंही असतात. कोकणातल्या गावासाठी एक साधा मार्ग म्हणजे गणपती किंवा शिमग्याला चाकरमानी घरी येतात तेव्हा संमती घेणं. काम महिना-दोन महिने लांबतं, पण ते योग्य होतं.

दुसरा प्रश्न, आई-बाबांपैकी एकाची सही पुरेल का? जोखीम अगदी कमी असेल किंवा मुलीला थेट फायदा असेल तर साधारणपणे एकाची पुरते. उंची-वजन आणि प्रश्नावली ही सगळ्यात कमी जोखमीत येतात. थोडं रक्त घेणं मात्र आयसीएमआरच्या वर्गवारीत एक पायरी वर आहे, कारण त्यात थोडा वेळ दुखतं, कधी काळंनिळं होतं. त्यामुळे समिती इथे जास्त बारकाईने पाहते आणि दोघांची संमती मागू शकते.

तिसरा प्रश्न मुलीचा. ती 10 वर्षांची आहे, म्हणजे तोंडी असेंट. तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचं. ‘हिमोग्लोबिनचा नमुना’ नाही, तर “तुझ्या दंडातून एक छोटा चमचाभर रक्त घेणार, टोचताना दुखेल, मग थांबेल. नको असेल तर नाही म्हण, कुणी रागावणार नाही.” एक छोटा चमचा म्हणजे साधारण 5 मिली. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगून घेतलेला होकार हा होकारच नाही.

एवढं समजावूनही तिने हात मागे घेतला, तर रक्त घ्यायचं नाही. तिची उंची-वजन मोजायला हरकत नसेल तर तेवढंच करायचं आणि तशी नोंद करायची. या अभ्यासातून तिला स्वतःला मिळणारा फायदा थोडाच आहे, म्हणून तिचा नकार शेवटचा. अपवाद एकच. एखादं जीव वाचवणारं औषध फक्त संशोधनातूनच मिळणार असेल, तर समितीच्या मंजुरीने आणि पालकांच्या संमतीने मुलाच्या नकारापलीकडे जाता येतं.

नकार दिला म्हणून तिचं काही अडायला नको. शाळेत वागणूक तीच, आरोग्य केंद्रात उपचार तेच. आणि ज्या मुलांचं रक्त कमी निघेल त्यांच्या पालकांना ते सांगून उपचारासाठी पाठवण्याची जबाबदारी पथकाची असते. नुसता आकडा घेऊन निघून जाता येत नाही.

गुपित किती ठेवता येतं?

मुलांची नावं अहवालात येत नाहीत, त्याऐवजी क्रमांक वापरतात. वयात आलेल्या मुलांना पाळी, तंबाखू अशा गोष्टी विचारायच्या असतील तर त्या आई-बाबांसमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही, म्हणून बाजूला बसवून विचारतात.

पण ‘तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही’ असं वचन संशोधक देऊ शकत नाही. बोलता बोलता मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून चांगलं पथक हे आधीच सांगून ठेवतं: तुझी उत्तरं आम्ही जपू, पण तुला कुणी इजा करत असेल तर मदत आणण्यासाठी आम्हाला ते सांगावं लागेल.

तुमच्या मुलाच्या शाळेतून असा फॉर्म घरी आला तर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा. नैतिक समितीच्या मंजुरीचा उल्लेख आणि संपर्काचा फोन नंबर आहे का? मुलाच्या होकारासाठी वेगळी जागा आहे का? आणि सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे राहणार आहे का? त्यानंतर फॉर्म बाजूला ठेवून मुलालाच विचारा, “उद्या तिथे काय करणार आहेत, सांग बघू?” त्याला सांगता आलं नाही, तर त्याला कुणीतरी पुन्हा समजावून सांगायला हवं.