रात्रीत वाळणारा गमबूट

जून उजाडला की दादर-ठाण्याच्या बाजारांत दोरीला बांधलेले गमबूट लोंबू लागतात. मुलं त्यावरचे बेडूक आणि डायनासोर बघतात, आई-वडील उंची आणि किंमत. बूट उलटा करून तळवा पाहणारं, आत हात घालून अस्तर चाचपणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. मुंबई-कोकणच्या पावसात बूट रोज पायात राहणार की आठवड्यात माळ्यावर जाणार, हे मात्र याच दोन जागी कळतं.

शहरात पाय घसरतो तो बहुधा ओल्या गुळगुळीत फरशीवर. स्टेशनचा जिना, लॉबीतलं ग्रॅनाइट, शाळेच्या पायऱ्या. पाय पडताच रबर आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि तो बाजूला सारला गेला तरच पकड मिळते. म्हणून तळव्यावरच्या खाचा थेट कडेपर्यंत गेलेल्या हव्यात, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. शेतातल्या बुटांना मोठे, विरळ उंचवटे असतात. ते चिखलात छान रुततात, पण फरशीला टेकणारं रबर कमी पडतं. शहरासाठी दाट आणि धारदार कडांची नक्षी बरी. टाच तर नक्की बघावी, कारण चालताना आधी टेकते ती टाच. टाचेखालीच सपाट, गुळगुळीत भाग असेल तर तो जोड परत ठेवावा.

नक्षी चांगली असूनही बूट सटकतो, तेव्हा दोष बहुधा कडकपणाचा असतो. रबरी म्हणून विकले जाणारे पुष्कळ बूट पीव्हीसीचे असतात. त्यातले मऊ बरे चालतात, कडक मात्र ओल्या फरशीवर टिकत नाहीत. पंजाजवळ बूट वाकवून पाहावा. तो सहज वाकून लगेच सरळ झाला पाहिजे. दुकानात फरशी असेल तर थोडं पाणी सांडून, बूट घालून, टाच हळूच पुढे रेटून बघावी. यात दुकानदाराने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. शेवाळ धरलेल्या पायरीवर मात्र कुठल्याच तळव्याचा भरवसा धरू नये.

आता अस्तर. थंड देशांसाठी बनवलेल्या बुटांत जाड फोम किंवा लोकरीसारखं कापड असतं. हाताला ते मऊ लागतं आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. जुलैत किनारपट्टीच्या हवेतच इतका ओलावा असतो की दोरीवरचा साधा टॉवेल रात्रभरात वाळत नाही. मग रबराच्या बंद नळीत चिकटवलेला फोम कसा वाळणार? शिवाय बूट फक्त पावसाने भिजत नाही. रबरातून हवा जात नाही, त्यामुळे पायाचा घामही आतच मुरतो. ओल साठली की वास येतो आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. आपल्याकडे पातळ, घट्ट विणीच्या सिंथेटिक कापडाचं अस्तर किंवा बिनअस्तराचा बूट आणि त्यात सहज निघणारा आतला तळ, एवढं पुरे. मोजे वेगळे घालता येतात आणि धुताही येतात.

दुसरीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. तिचं पाऊल १९ सेंटिमीटर. आतला तळ बाहेर काढून त्यावर तिला उभं करायचं, टाच मागच्या कडेला लावायची. पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली, म्हणजे तळ २० सेंटिमीटरचा असला, तर माप बरोबर. तळ निघत नसेल तर २० सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी आत सरकवून बघावी. ती न वाकता जेमतेम बसली पाहिजे. पुढच्या वर्षीही चालावा म्हणून २२ सेंटिमीटरचा घेतला, तर टाच आत वरखाली होते आणि मूल जिन्यावर अडखळतं. उंची पोटरीच्या मध्यापर्यंत पुरते. फार उंच बुटात पाणी शिरलं की तो जड होतो आणि मुलाला एकट्याने काढता येत नाही. वरच्या कडेला दोन कड्या असल्या तर ओढायला सोपं जातं.

संध्याकाळी घरी आल्यावर आतला तळ काढून वेगळा ठेवावा आणि बूट उलटा करून पाणी निथळू द्यावं. मग वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबावेत आणि तासाभराने ते ओले झाले की बदलावेत. त्यानंतर बूट आडवे करून त्यांची तोंडं पंख्याकडे करावीत, कारण ओल बाहेर येते ती तोंडातूनच. गॅसजवळ किंवा हीटरसमोर ठेवले तर चिकटवलेले सांधे सुटतात. बूट तुंबलेल्या पाण्यात बुडाला असेल तर आधी आतून-बाहेरून साबणाने धुवावा. अशा पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शिरतात. जखम असताना अशा पाण्यातून चालणं झालं असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.