घारीचा एक फटकारा

अ‍ॅनिमेशन शिकत होतो तेव्हा मला चार सेकंदांचा एक शॉट करायला मिळाला होता. मासळी बाजारावरून एक घार पंख मारत येते आणि चौकटीच्या मधोमध आल्यावर पंख पसरून तरंगत निघून जाते, एवढंच. तीन दिवस खपून मी तो पूर्ण केला. आमच्या सरांनी तो दोनदा चालवून पाहिला आणि म्हणाले, "घार छान काढलीयस. पण ही उडत नाहीये रे, कोणीतरी दोऱ्याला बांधून ओढतंय हिला."

दोरा कुठे दिसला ते मला तेव्हा कळलं नाही. पंख वर जात होते, खाली येत होते, पिसं मोजून काढली होती. चूक एकेका चित्रात नव्हती, ती चित्रांच्या मधल्या अंतरात होती.

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. माझ्या घारीचा एक फटकारा, म्हणजे पंख वरून खाली आणि परत वर, १२ फ्रेमचा होता. अशा एका फटकाऱ्याची चित्रं एकदा काढून तीच पुन्हा पुन्हा फिरवायची, याला सायकल म्हणतात. तिच्यातली पहिली फसगत अगदी साधी आहे. तेराव्या फ्रेमला पंख पुन्हा पहिल्याच जागी येतो, म्हणून नवखा माणूस तेरावं चित्रही सायकलमध्ये ठेवतो. मग तीच स्थिती लागोपाठ दोन फ्रेम दिसते आणि प्रत्येक फटकाऱ्याला घार वरच्या टोकाला किंचित अडखळते. डोळ्याला कारण सापडत नाही, पण अडखळणं जाणवतं. सायकल बाराव्या फ्रेमला संपवली की ते जातं.

आता पंखाकडे येऊ. पक्ष्याचा पंख म्हणजे खरं तर हातच. त्याला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे आणि मनगटापुढे टोकाची लांब पिसं आहेत. नवशिक्या हा सगळा हात विसरतो आणि खांद्याला बिजागरी लावून पुठ्ठ्याचा तुकडा हलवावा तसा पंख वरखाली करतो. मग पंखाचं टोक ज्या रेषेवरून खाली येतं त्याच रेषेवरून वर जातं. खऱ्या पक्ष्यात तसं होत नाही. खाली येताना पंख पूर्ण उघडा असतो आणि खाली येता येता थोडा पुढेही सरकतो. वर जाताना मनगट दुमडतं, पंख अंगाजवळ येतो आणि मागच्या बाजूने वर चढतो. बाजूने पाहिलं तर टोकाची वाट एका तिरक्या, अरुंद लंबवर्तुळासारखी दिसते. दुमडण्याचं कारण सोपं आहे. उघडा पंख जेवढ्या जोराने खाली मारला तेवढ्याच जोराने उघडाच वर नेला असता, तर मिळवलेली उचल हवेनं परत काढून घेतली असती.

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये एक बंदूक बनवली होती. तिच्यातून गोळ्या सुटत नसत, सेकंदाला १२ छायाचित्रं निघत. तिने त्याने उडते पक्षी टिपले, आणि पुढे एका सीगलच्या फटकाऱ्यातल्या एकेका अवस्थेचे छोटे पुतळे करून ते गोल फिरवून पाहिले. म्हणजे आपण ज्याला सायकल म्हणतो ती सिनेमाच्या आधीच तयार होती, आणि तीही पक्ष्याचीच.

ही वाट आपल्या चित्रात बरोबर आली की नाही, हे कळायला एक जुनी युक्ती आहे. लाइटबॉक्सवर सगळी चित्रं एकावर एक ठेवायची आणि प्रत्येक चित्रातल्या पंखाच्या टोकावर एकेक ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की गुळगुळीत वळण दिसलं पाहिजे. एखादा ठिपका वाटेबाहेर पडला असेल, तर पडद्यावर त्याच फ्रेमला पंख थरथरतो. ठिपक्यांमधलं अंतरही बोलतं. वरच्या आणि खालच्या टोकाला ठिपके दाट हवेत, मधे विरळ. सगळे सारख्या अंतरावर पडले तर घार नव्हे, शिलाई मशीनची सुई दिसते.

माझ्या शॉटमध्ये शेवटी जे ठरलं ते असं. पहिल्या फ्रेमला पंख आडव्या रेषेच्या ५० अंश वर. चौथ्याच्या सुमाराला तो आडव्यापाशी येतो, पूर्ण ताणलेला, आणि टोकाची पिसं वरच्या बाजूला वाकलेली, कारण खालून हवा त्यांना रेटत असते. आठव्या फ्रेमला तो आडव्याच्या ३५ अंश खाली. दहाव्याला कोपर वर निघालेलं, मनगट दुमडलेलं आणि पिसं मागे लोंबणारी. मग बारावी, आणि पुन्हा पहिली. खाली यायला सात फ्रेम, वर जायला पाच. खाली मारताना हवेशी झटापट आहे, वर जाताना ती कमी आहे, म्हणून हा फरक. यातली सर्वांत मोलाची फ्रेम आठवी. तिथे कोपर वर वळायला लागलेलं असतं, पण टोक अजून खालीच जात असतं. खांदा आधी, मग कोपर, मग मनगट, शेवटी पिसं. ओल्या टॉवेलला झटका दिला की लाट हाताकडून टोकाकडे जाते, तसंच हे.

इतकं करूनही सरांचा दोरा काही सुटला नाही. तो पंखात नव्हताच, तो अंगात होता.

मी घारीचं धड एका उंचीवर ठेवून फक्त पंख हलवले होते. धड हलायला हवं हे सांगितल्यावर मी ते पंखाबरोबर हलवलं. पंख वर तर धड वर, पंख खाली तर धड खाली. हे तर आणखी वाईट दिसलं, कारण पंख खाली मारला की पक्ष्याचं अंग वर उचललं जातं. मग मी बरोबर उलटं केलं. पंख सर्वांत वर तेव्हा धड सर्वांत खाली, पंख सर्वांत खाली तेव्हा धड सर्वांत वर. आता दिशा बरोबर होती, पण हातपंपाचा दांडा आणि पाणी यांच्यासारखं दोन्ही एकाच क्षणी वळत होतं.

सरांनी धडाची सगळी हालचाल दोन फ्रेम मागे सरकवली. बस्स, एवढंच केलं. आता धड सर्वांत खाली तिसऱ्या फ्रेमला येत होतं, म्हणजे पंखाचा मार सुरू झाल्यावर दोन फ्रेमनी. सर्वांत वर दहाव्या फ्रेमला जात होतं, म्हणजे मार संपून पंख परत वर निघाल्यावर. पडद्यावर घारीला एकदम वजन आलं. कारण विचाराल तर चेंडू आठवा. हातातून सुटल्यावरही तो वर जातच राहतो, कारण हाताने दिलेला वेग त्याच्या अंगात असतो. पंखाचा मार थांबला तरी मिळालेल्या वेगाने धड थोडं वर जातंच. आणि मार सुरू झाल्या क्षणी धड अजून खाली पडत असतं, ती पडझड थांबवायला दोन फ्रेम जातात. हे चढउतार किती ठेवायचे? मी धडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवले. चिमणीला एवढे दिले तर ती पाण्यावरच्या बुचासारखी दिसेल.

ही सगळी काळजी पक्षी जवळ असेल तर. १९७४ च्या 'एक अनेक और एकता' या छोट्या फिल्ममध्ये जाळं घेऊन उडून जाणारा थवा अनेकांना आठवत असेल. पडद्यावर नखाएवढ्या दिसणाऱ्या थव्याला कोपर-मनगट काढत बसलो, तर निर्माता आपल्यालाच जाळ्यात टाकेल.

खरी अडचण पुढे होती: फटकारे थांबवून तरंगायला कधी आणि कसं लागायचं. पहिल्या प्रयत्नात मी तिसरा फटकारा संपताच तरंगण्याचं चित्र लावलं. पंख उडी मारून जागेवर गेला. मग मी फटकारे हळूहळू मंद केले. पहिला १२ फ्रेमचा, पुढचा १८ चा, पुढचा २४ चा. लाइट गेल्यावर छतावरचा पंखा जसा थांबतो तशी माझी घार थांबली. गच्चीवर बसून घार पाहिली तेव्हा उमगलं की ती ठेका फारसा मंद करत नाही, फटकारा लहान करते.

आज हे काम संगणकावर करताना मी याचंच एक सूत्र वापरतो:

```
wing = glide + k * flap
```

`glide` म्हणजे तरंगताना पंख जिथे स्थिर असतो ती जागा. माझ्या घारीत ती आडव्याच्या ५ अंश वर, मनगट किंचित उचललेलं आणि टोकं थोडी खाली झुकलेली, अशी कमानदार आहे. (गिधाडासारखा इंग्रजी व्ही काढला तर घार राहत नाही.) `flap` म्हणजे त्या जागेपासून पंख वरखाली किती जातो, आणि `k` म्हणजे त्यातलं किती वापरायचं. पहिल्या तीन फटकाऱ्यांत `k` एक. चौथ्यात, म्हणजे ३७ ते ४८ फ्रेममध्ये, ०.६. पाचव्यात ०.३. प्रत्येक फटकारा १२ च फ्रेमचा. धडाचे चढउतारही याच `k` ने कमी करायचे, नाहीतर पंख स्थिर आणि अंग मात्र डुलतंय असं दिसतं.

पाचवा फटकारा पूर्ण करायचा नाही. ५६ व्या फ्रेमला पंख खालच्या टोकाला असतो. तिथून वर येताना वाटेतच तरंगण्याची जागा लागते, तिथे त्याला उतरवायचं. ५९ व्या फ्रेमला तो जागेच्या एखाद-दोन अंश वर जातो आणि ६३ पर्यंत मुरतो. टोकाची पिसं सर्वांत शेवटी स्थिर होतात. पंख वरून खाली येताना अडवला, तर मार अर्धवट सोडल्यासारखं वाटतं आणि घार दचकलेली दिसते.

पुढच्या ३३ फ्रेम तरंगण्याच्या. इथे एकच चित्र धरून ठेवलं तर घारीचा कागदी पतंग होतो. धडाची वाट आधीच्या वेगाने चारपाच फ्रेम वर चढते, मग वळून सावकाश खाली उतरू लागते. पुढे जाण्याचा वेग मात्र सांभाळायचा, कारण आता ती उंची खर्च करून तो वेग टिकवत असते. मी फटकारे संपताच पार्श्वभूमी हळू केली होती, तेव्हा घार हवेत ब्रेक लावल्यासारखी दिसली होती. आणि ७० व्या फ्रेमच्या सुमाराला तिची दुभंगलेली शेपटी पिळते, एक कड खाली, एक वर. त्यानंतर तीन-चार फ्रेमनी अंग कलतं. शेपटी आधी, अंग मागून.

पुढे त्याच शॉटला दोन सेकंद जोडायचं ठरलं, घार पुन्हा पंख मारू लागते असे. मी आळसाने आधीची चित्रं उलट्या क्रमाने लावून पाहिली. सरांनी या वेळी एकदाच पाहिलं आणि कागद परत दिले. थांबताना फटकारे लहान होत जातात, पण सुरू होताना पहिलाच मोठा असतो: मनगट दुमडून पंख वर जातो, अंग त्या तीन फ्रेममध्ये थोडं खचतं आणि मग पूर्ण मार बसतो. ती चित्रं मला नव्यानं काढावी लागली.