हिरव्या गोळीत किती प्रथिने?

स्पिरुलिनाच्या कोरड्या पुडीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, हे खरे आहे. पण आपण खातो त्या गोळ्या. अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे तीन ग्रॅम पूड. त्यातून मिळतात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे एक मिलिग्रॅम लोह. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. हिमोग्लोबिन कमी असेल, तर केवळ या गोळ्यांवर विसंबून डॉक्टरांनी दिलेले लोह बंद करू नये.

स्पिरुलिना आणि क्लोरेला गोड्या पाण्यातही वाढतात, म्हणून त्यांत आयोडीन सहसा कमी असते. भरपूर आयोडीन असते ते केल्पसारख्या समुद्री शेवाळात. मिश्र गोळीत केल्प असेल, तर थायरॉइडच्या रुग्णांनी ती टाळावी.

दूषिततेचा धोका पाण्यातून येतो. उघड्या तलावात मायक्रोसिस्टिस नावाचे दुसरे जीवाणू मिसळले, तर यकृताला घातक मायक्रोसिस्टिन तयार होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात तलावातून काढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळात ते सापडल्यावर ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरली. हे विष रंगा-वासावरून कळत नाही. त्यामुळे त्या बॅचचा मायक्रोसिस्टिन आणि शिसे, पारा यांसारख्या जड धातूंचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

ल्युपस, डर्मॅटोमायोसायटिस, पेम्फिगस अशा स्वप्रतिकार आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते. स्पिरुलिना ती आणखी चेतवू शकते. गोळ्या सुरू केल्यावर पुरळ किंवा स्नायूंची कमजोरी वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.